दुकानाचं नाव बदलतंय: पत्रात आधी नवं नाव, की आधी 'काय तेच राहणार'?

समजा, 'श्री गणेश किराणा'चं आता 'अन्नपूर्णा स्टोअर्स' होणार आहे. मालक तोच, जागा तीच. जुन्या गिऱ्हाइकांना पत्र दोन प्रकारे लिहिता येतं.

पहिला प्रकार सगळ्यांच्या ओळखीचा: "कळवण्यास आनंद होतो की..." म्हणून थेट नवं नाव, मग नाव का बदललं ते, आणि शेवटी "सेवा पूर्वीप्रमाणेच." अडचण अशी की नाव वाचताच माणसाच्या मनात येतं, दुकान विकलं की काय? माझ्या उधारीचं काय, दिवाळी भिशीत भरलेल्या पैशांचं काय? "पूर्वीप्रमाणेच" या एका शब्दाने यातल्या कशाचंच उत्तर मिळत नाही.

दुसरा प्रकार असा: "तुमचं खातं, भिशीत जमा झालेली रक्कम, घरपोच सामान आणि फोन नंबर यांत काहीही बदल नाही. काउंटरवर आम्हीच आहोत. येत्या १ तारखेपासून पाटीवर आणि बिलावर मात्र 'अन्नपूर्णा स्टोअर्स' हे नाव दिसेल." मालक तोच असेल तर मी डोळे झाकून हाच निवडेन. इथे प्रत्येक गोष्ट नाव घेऊन सांगितली आहे, म्हणून विश्वास बसतो.

यात दोन ओळी हमखास राहून जातात. एक, क्यूआर कोड स्कॅन केल्यावर मोबाइलवर कोणतं नाव येईल ती. पाटीवर एक आणि स्क्रीनवर दुसरंच नाव दिसलं की लोक पैसे पाठवताना थबकतात, आणि थबकायलाच हवं. म्हणून बँकेकडे नाव बदलेपर्यंत जुनंच दिसणार असेल, तर तसं स्पष्ट लिहा. दुसरी ओळ खानावळी-हॉटेलवाल्यांसाठी, ज्यांना जीएसटीचं बिल लागतं. मालक आणि पॅन तोच असेल तर जीएसटी क्रमांक बदलत नाही, फक्त व्यापारी नाव बदलल्याचा अर्ज १५ दिवसांत करावा लागतो. तेव्हा "जीएसटी क्रमांक तोच" हे पत्रात असू द्या.

भाऊ वेगळे झाले आणि जुनं नाव दुसऱ्या भावाकडे गेलं, तर मात्र पहिला प्रकार बरा. तिथे गिऱ्हाईक जुन्या पाटीकडे वळण्याचा धोका मोठा, त्यामुळे नवं नाव आणि जागेची खूण पहिल्याच ओळीत हवी. वाटणीचं कारण एका वाक्यात आटपा, भावाबद्दल अवाक्षर नको. कोणाचं खातं कुठल्या दुकानाकडे आलं, हे मात्र ज्याच्या त्याच्या पत्रात हाताने लिहा.

दुकान खरोखरच विकलं असेल तर "काही बदललं नाही" असं लिहूच नका. पॅन बदलतो, त्याबरोबर जीएसटी क्रमांकही. अशा वेळी भिशीची जबाबदारी नव्या मालकाने घेतली आहे ही ओळ हवी, आणि तिच्याखाली जुन्या मालकाचीही सही हवी.