दंडावरचे खरखरीत दाणे: सोडून द्यावेत की क्रीम लावावं?

साताऱ्याच्या थंडीत भाचीच्या दंडांची मागची बाजू किसणीसारखी होते. हा केराटोसिस पिलारिस: केसांच्या छिद्रांत केराटिन या त्वचेतल्याच प्रथिनाचं बूच बसतं. सहसा दुखत नाही, दुसऱ्याला लागत नाही, वयानुसार बहुधा कमीही होतो. काहीच केलं नाही तरी बिघडत नाही. मी तरी तेच करेन.

पण तिला लग्नात बिनबाह्यांचा ब्लाउज घालायचाय. मग 10 ते 20 टक्के युरियाचं क्रीम, अंघोळीनंतर त्वचा ओलसर असतानाच, रोज. फरक दिसायला काही आठवडे जातात, त्यामुळे हळदीच्या आदल्या दिवशी लावून उपयोग नाही. थांबवलं की दाणे परततात. वज्रीने घासणं मात्र दोन्हींपेक्षा वाईट: सावळ्या त्वचेवर काळे डाग उरतात आणि ते दाण्यांपेक्षा जास्त दिसतात.