दूध आधी की घंटागाडीनंतर?

आमच्याकडे चहा कोराच होतो. आईला दूध सोसत नाही. त्यामुळे आलं आणि गवती चहा घालून पातेल्यात कोरा उकळायचा, कपात गाळायचा आणि ज्याला हवं त्याने फ्रिजमधलं दूध वरून घालायचं. दुधातच खळखळ उकळणाऱ्यांना हा प्रश्न पडणार नाही, त्यांनी इथूनच परतायला हरकत नाही.

प्रश्न पडतो तो घंटागाडीमुळे. नाशकात राहणाऱ्याला सांगायला नको. कपात चहा पडतो आणि नेमका तोच आवाज खालून येतो. ओला-सुका डबा उचलून तीन जिने उतरायचे, गाडीमागे दोन घरं चालायचं, वर येताना शेजारचे काका भेटणार. दहा मिनिटं गेलीच. जाताना दूध घालून जावं, की कोरा ठेवून आल्यावर घालावं?

मी बरीच वर्षं दुसऱ्या गटात होतो. माझा हिशेब साधा होता: दूध थंड, ते घातलं की चहा लगेच थंड होणार, मग आधीच का थंड करायचा? आल्यावर घालू. ऐकायला पटतं, आणि इथेच फसायला होतं.

गरम चहा किती वेगाने निवतो हे तो खोलीपेक्षा किती जास्त गरम आहे यावर ठरतं. न्यूटनने १७०१ मध्ये मांडलेला हा नियम ढोबळ आहे, पण कपापुरता कामाचा आहे. खोली २० अंशांवर असेल आणि चहा ९० वर, तर फरक ७० चा, म्हणून सुरुवातीला तो धाडकन उतरतो. ४० वर आला की फरक उरतो २० चा, मग तो तासभर रेंगाळतो आणि आपण म्हणतो, "अजून कोमट आहे."

चहाच्या बाबतीत सुरुवातीची घसरण या नियमापेक्षाही तीव्र असते, कारण वाफ. कपावर जी पांढरी वाफ दिसते ती उष्णता घेऊनच निघते. १५० ग्रॅम चहातला एक ग्रॅम जरी वाफ होऊन गेला तरी उरलेला चहा साधारण साडेतीन अंशांनी उतरतो. आणि ९० अंशांवर पाण्याचा जो बाष्पदाब असतो तो ७० अंशांवर निम्म्याहूनही कमी होतो, म्हणजे थोडं निवलं की ही गळती एकदम मंदावते. बशीत ओतून फुर्र करणारे आजोबा हेच उलट्या दिशेने करत होते: पृष्ठभाग वाढवायचा, वाफ पळवायची.

आता दूध. १५० मिली चहा ९० अंशांवर, त्यात फ्रिजमधलं ६ अंशांचं ५० मिली दूध घातलं तर मिश्रण सुमारे ६९ वर येतं. म्हणजे मी घाबरत होतो ती घसरण एका क्षणात झाली, खरंच झाली. पण त्या क्षणापासून दोन गोष्टी बदलतात. खोलीशी असलेला फरक ७० वरून ४९ वर आला, म्हणून कप कमी वेगाने उष्णता सोडतो. शिवाय कपात आता १५० ऐवजी २०० मिली आहे आणि तोंड मात्र तेवढंच, त्यामुळे तेवढीच उष्णता गेली तरी अंश कमी उतरतात.

कोरा ठेवलेला कप इकडे उघड्यावर वाफ सोडत बसलेला असतो. समजा दहा मिनिटांत तो ९० वरून ७० वर आला. हे अगदीच शक्य आहे. मग मी धापा टाकत वर येऊन तेच ५० मिली थंड दूध घालतो: ५४ अंश. आधी दूध घातलेला कप त्याच वेळात ६९ वरून ५८ च्या आसपास येतो. चार अंशांचा फरक. कपाने शोषलेली उष्णता मी यात धरलेली नाही, म्हणून आकडे कागदी समजा, दिशा मात्र बदलत नाही.

चार अंश ऐकायला काहीच नाहीत, मीही तेच म्हणत होतो. पण ५८ चा चहा ओठाला अजून गरम लागतो आणि ५४ चा 'ठीक आहे' वाटतो. आणि मला 'ठीक आहे' चहा पिता येत नाही. मी तो परत पातेल्यात ओतून गॅसवर ठेवायचो. हाच तो त्रास. परत तापवलेला चहा आधीचा राहत नाही, आल्याचा वास उडालेला, पत्ती नसली तरी कडवटपणा वाढल्यासारखा वाटतो, वर एक पातेलं घासायला वाढतं. त्यात एकदा बाहेर कोणीतरी बेल वाजवली आणि चहा उतू गेला. शेगडी पुसता पुसता मी गट बदलला.

आता मी दूध घालून, वर बशी झाकून डबा उचलतो. बशीचा फायदा बहुधा दुधाहूनही मोठा असावा, कारण ती वाफच अडवते. शिवाय वर साय धरत नाही. उघड्या ठेवलेल्या दुधाच्या चहावर ती धरते आणि ओठाला चिकटते. आधी दूध घालण्याविरुद्धची माझी एकमेव खरी तक्रार तीच होती. अजून एक: कप गरम पाण्याने विसळून घेतला तर सगळ्या वादापेक्षा जास्त फरक पडतो. थंड जाड मग पहिल्याच मिनिटात चहाची बरीच उष्णता पिऊन टाकतो.

उशिरा घालणाऱ्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. रंग बघून दूध बेताने घालता येतं, आधी घातलं की अंदाजच. माझा भाऊ सातपूरला पहिल्या पाळीला जातो, त्याला चहा पटकन निवायला हवा असतो. त्याने कोरा उघडा ठेवून दूध शेवटी घालावं, हेच शास्त्र त्याच्या बाजूचं आहे. पण पाच मिनिटांत फरक दोनेक अंशांचाच पडतो, म्हणून तो मला हसतो. हसू दे. घाईच असेल तर त्याने बशीत ओतून प्यावा.

आणि दूध थंड असेल तरच हे सगळं. गॅसवरून उतरवलेलं गरम दूध असेल तर गणित उलटतं: ते झाकून गरम ठेवा आणि पिण्याच्या वेळी घाला, त्याची उष्णता तेव्हा ताजी मिळते. फ्रिजमधलं असेल आणि उशिरा घालायचाच हट्ट असेल, तर किमान डबा उचलण्याआधी वाटीत काढून ओट्यावर ठेवा. ते चार अंशांनी जरी वर आलं तरी चहाला एक अंश मिळतो.

आई मात्र कोराच पिते. ती बशी झाकून ठेवते आणि आम्ही वर येईपर्यंत तिचा संपलेला असतो.