पावसाळापूर्व अर्ली बुकिंग: वॉटरप्रूफिंग आणि पेस्ट कंट्रोलचं एकत्र पॅकेज, एक अख्खा पावसाळा काढल्यावर

साताऱ्यात गोडोलीच्या बाजूला आमची तीन मजली सोसायटी आहे. गच्चीवर जुना ब्रिकबॅट कोबा आणि वरच्या मजल्यावर दरवर्षी ओल. सचिव म्हणून मला २०२५ च्या फेब्रुवारीत व्हॉट्सअ‍ॅपवर एक जाहिरात आली: ‘३१ मार्चपर्यंत बुकिंग करा, १०% सूट, वाळवी ट्रीटमेंट मोफत, १० वर्षांची वॉरंटी.’ अशा जाहिराती मार्चमध्ये प्रत्येक कमिटीच्या ग्रुपवर फिरतात. आम्ही हे पॅकेज घेतलं. आता दिवाळीनंतर, प्रत्येक ओळीतून हाती काय लागलं ते लिहितोय. कंत्राटदाराचं नाव मुद्दाम देत नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट जाहिरातीत नव्हतीच. ३१ मार्च ही तारीख पैसे भरायची होती, काम सुरू करायची नव्हे. मार्चमध्ये दहा-बारा सोसायट्यांकडून ५०% आगाऊ घेतलं, की कारागीर तेवढेच असल्यामुळे शेवटच्या सोसायटीचा नंबर मेच्या अखेरीस लागतो. त्या वर्षी मान्सून २६ मेलाच मुंबईत पोहोचला आणि आपल्याकडे मेच्या दुसऱ्या पंधरवड्यातच पाऊस लागून राहिला. शेजारच्या कॉलनीतलं काम अर्ध्यावर अडकलं, पावसाळाभर गच्चीवर ताडपत्री होती. आम्ही वर्कऑर्डरमध्ये ‘काम १० एप्रिलला सुरू, पाणी थोपवून चाचणी १० मेच्या आत’ असं लिहून घेतलं होतं, म्हणून निभावलं. पैशाचे टप्पेही बदलून घेतले: बुकिंगला १०%, माल गच्चीवर आल्यावर ४०%, चाचणीनंतर ४०% आणि उरलेले १०% ३१ ऑक्टोबरला. कंत्राटदार आधी तयार नव्हता, पण काम एप्रिलमध्ये मिळतंय म्हटल्यावर मानला. त्यालाही रिकामे दिवस भरायचे असतात.

आता सवलतीचा हिशोब. दर ५० रुपये चौरस फूट, सूट धरून ४५. आमची गच्ची ६० बाय ६०, म्हणजे ३,६०० चौरस फूट, त्यामुळे सूट १८,००० रुपयांची. पण कोटेशनच्या दुसऱ्या पानावर गच्ची आणि कठड्याच्या जोडावर सिमेंटचा जो गोलसर वाटा भरतात, तो वेगळा लावला होता, ६० रुपये रनिंग फूट. चारी बाजूंचे २४० फूट धरले की १४,४०० रुपये. म्हणजे प्रत्यक्षात वाचत होते ३,६०० रुपये. शिवाय गच्चीचं पाणी बहुतेक वेळा सपाट भागातून नव्हे, त्या जोडातून आणि पाइपच्या तोंडाशी असलेल्या खुऱ्यातून उतरतं. ज्या जागेसाठी काम काढायचं तीच जागा मूळ दरात नव्हती. आम्ही कठड्यावर एक फूट उंचीपर्यंत वॉटरप्रूफिंगचा कोट, वाट्यासह, त्याच दरात मागितला. एकूण माप ३,८४० चौरस फूट, रक्कम १,७२,८०० आणि त्यावर १८% जीएसटी. जाहिरातीतले दर जीएसटी सोडून असतात हेही धरून चाला.

कामाची प्रत चांगली निघाली आणि त्याचं श्रेय मिस्त्रींना. एप्रिलमध्ये एक वळीव येऊन गेला. दुसऱ्याच दिवशी कडक ऊन पडलं, कोबा वरून पांढराफटक दिसत होता, सुपरवायझरला कोट मारायची घाई होती. मिस्त्रींनी प्लॅस्टिकचा हातभर तुकडा कोब्यावर पसरून चारी कडा टेपने बंद केल्या आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी आतून घाम धरला होता. म्हणाले, “सायेब, कोबा पोटातनं वला हाय. आत्ता कोट मारला तर उन्हानं फुगं येतील.” आठवडाभर काम थांबलं. पुन्हा तुकडा लावला, तो कोरडा निघाला, मग पहिला कोट झाला. असं थांबायला दिवस हातात लागतात, आणि लवकर काम घेण्याचा खरा फायदा मला हाच वाटतो.

माल मोजून घेतला. बादलीवर छापलेल्या कव्हरेजने क्षेत्रफळाला भागलं की किती बादल्या लागणार ते कळतं. तो आकडा वर्कऑर्डरमध्ये होता आणि रिकाम्या बादल्या चाचणी होईपर्यंत वॉचमनकडे ठेवल्या. त्यामुळे कोट पातळ करायला वाव राहिला नाही. शेवटी खुरे बंद करून दोन इंच पाणी ४८ तास थोपवलं आणि वरच्या सगळ्या फ्लॅटची छतं पाहिली. एका कोपऱ्यात ओल दिसली, तिथला वाटा फोडून पुन्हा भरला, पुन्हा पाणी थोपवलं.

‘मोफत वाळवी ट्रीटमेंट’ने मात्र निराश केलं. पार्किंगमध्ये भिंतीच्या कडेने फवारणी, एवढंच ते होतं. आमची वाळवी मीटर रूमच्या चौकटीत होती, भिंतीवर मातीच्या नळ्या दिसत होत्या. अशी वाळवी जमिनीतून येते, वरवर फवारून थांबत नाही. भारतीय मानक आयएस ६३१३ भाग ३ प्रमाणे भिंत आणि फरशीच्या जोडावर साधारण फूटभर अंतराने १२ मिलिमीटरची भोकं पाडून प्रत्येकात जास्तीत जास्त एक लिटर द्रावण सोडायचं असतं. आम्ही तळमजल्याला ते वेगळे पैसे देऊन करून घेतलं, इमिडाक्लोप्रिड ३०.५% लिटरला २.१ मिलि या प्रमाणात, मेच्या सुरुवातीला, जमीन कोरडी असताना. भिजलेली जमीन औषध नीट शोषत नाही. पावसाळा संपला तरी नव्या नळ्या दिसल्या नाहीत. कृषी विभागाचा पेस्ट कंट्रोल परवाना आधीच मागून बघा, आमच्या माणसाकडे होता.

पॅकेजमध्ये झुरळांसाठी ड्रेनेज चेंबरच्या दोन फवारण्याही होत्या, दोन्ही मेअखेरच्या आत ठेवलेल्या. वॉटरप्रूफिंगला पावसाआधीची तारीख योग्य, पण चेंबरमधली फवारणी पहिल्या मोठ्या पावसात धुऊन जाते आणि झुरळं जुलैत वर येतात. आम्ही दुसरी फवारणी ऑगस्टच्या उघडिपीवर ढकलली. जुलैत खालच्या दोन घरांना त्रास झाला, ऑगस्टनंतर तक्रार नाही.

गच्चीतून या पावसाळ्यात पाणी उतरलं नाही. तरी पश्चिमेच्या एका फ्लॅटमध्ये ओल आलीच. ती छताला नव्हती, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी खाली उतरत होती. आपल्याकडे पावसाची झड पश्चिमेकडून लागते. सप्टेंबरच्या उघडिपीत पाइपने त्या भिंतीवर खालून वर टप्प्याटप्प्याने पाणी मारून पाहिलं. बीम आणि विटांच्या भिंतीच्या जोडाला पाणी लागताच आतला डाग गडद झाला. दहा वर्षांच्या वॉरंटीत बाहेरच्या भिंती नाहीत. गच्चीवर सोलर किंवा डिशच्या स्टँडसाठी नंतर पाडलेली भोकंही नाहीत. वॉरंटीचं पत्र घेताना मोजमाप, मालाचं नाव आणि बॅच नंबर, कामाची तारीख आणि मजुरीची जबाबदारी कोणाची हे त्यात लिहून घ्या. आमच्या पहिल्या मसुद्यात फक्त मालाची वॉरंटी होती, लावणाऱ्याची नव्हती.

राखून ठेवलेले १०% ऑक्टोबरअखेर देऊन टाकले. गच्चीसाठी याच माणसाला पुन्हा बोलवेन, वाळवीसाठी नाही. पश्चिमेच्या भिंतीचं कोटेशन आत्ता मागवलंय. परांचीचं भाडं त्यात धरलंय का, एवढं विचारायचं बाकी आहे, आणि काम जानेवारीत हवंय.