डाळ मिलच्या बेअरिंगवर ऑटोएन्कोडर: एका हंगामाच्या वापरानंतर थ्रेशोल्डविषयी

लातूरच्या एका डाळ मिलमध्ये रोलर आणि एलिव्हेटर यांच्या बेअरिंगवर कंपन मोजणारे सेन्सर बसवून त्यांच्या नोंदी ऑटोएन्कोडरमधून तपासण्याची व्यवस्था आम्ही गेल्या पावसाळ्यानंतर सुरू केली आणि तुरीचा एक पूर्ण हंगाम ती चालवली. मॉडेल लहानच आहे. दर दहा सेकंदांच्या कंपनाची, म्हणजे एका खिडकीची, ३२ वारंवारता-पट्ट्यांत विभागणी होते, प्रत्येक पट्ट्यातील ऊर्जेचा लॉगरिदम घेतला जातो, ते ३२ आकडे चार आकड्यांपर्यंत दाबले जातात आणि पुन्हा ३२ होतात. मूळ आणि पुन्हा तयार झालेले आकडे यांतील फरक म्हणजे पुनर्रचनेची त्रुटी. मॉडेलने फक्त सुस्थितीतील यंत्र पाहिलेले असल्यामुळे अनोळखी कंपन आले की ही त्रुटी वाढते. हे जुळवायला फारसा वेळ लागला नाही. खरे काम पुढे होते, कारण त्रुटी किती वाढली म्हणजे मिस्त्रींना बोलवायचे हे मॉडेल सांगत नाही आणि बिघाडाची एकही नोंद हाताशी नसताना ते आपल्यालाच ठरवावे लागते.

ज्या नोंदींवर मॉडेल शिकले त्यांच्याच त्रुटींवरून थ्रेशोल्ड काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या नोंदी मॉडेलच्या अंगवळणी पडलेल्या असतात, त्यामुळे तिथली त्रुटी नेहमीच कमी दिसते आणि थ्रेशोल्ड खाली बसतो. आम्ही शिकवण्याच्या काळानंतरचा सलग एक आठवडा बाजूला ठेवला. सगळ्या नोंदी एकत्र पिसून त्यातून काही वेगळ्या काढणे सोपे असते, परंतु तसे केल्यास दुपारी चार वाजून दहा सेकंदांची खिडकी शिकवण्यात आणि चार वाजून वीस सेकंदांची तपासणीत जाते. दोन्ही जवळजवळ सारख्या असल्यामुळे तपासणी नावापुरतीच उरते. मोटरच्या करंटवरून यंत्र बंद आहे, नुकतेच सुरू झाले आहे, रिकामे फिरते आहे की मालावर आहे हेही ओळखून घेतले आणि रिकाम्या व भरलेल्या स्थितीसाठी थ्रेशोल्ड वेगवेगळे ठेवले.

सरासरीत प्रमाण विचलनाची तिप्पट मिळवण्याचा नियम अनेक ठिकाणी दिसतो, मात्र तो इथे नीट लागू पडत नाही. त्रुटी शून्याच्या खाली जात नाही आणि तिचा आलेख उजवीकडे लांब शेपटीचा असतो, त्यामुळे त्या नियमाने किती खोट्या सूचना येतील याचा आधी अंदाज बांधता येत नाही. त्यापेक्षा बाजूला ठेवलेल्या आठवड्याच्या त्रुटींचा, म्हणजे val_err चा, पर्सेंटाइल सरळ आहे:

```python
t = np.quantile(val_err, 0.999)
```

परंतु ०.९९९ हा आकडा घेण्यापूर्वी त्याचा दिवसाचा हिशेब मांडावा. मिल १६ तास चालली तर दहा सेकंदांच्या ५,७६० खिडक्या होतात. ९९ वा पर्सेंटाइल घेतला तर यंत्र ठणठणीत असतानाही दिवसाला सुमारे ५८ खिडक्या थ्रेशोल्ड ओलांडतील, ९९.९ घेतला तर सुमारे सहा. एका सेन्सरमागे दिवसाला सहा सूचनाही मिस्त्रींना असह्य होतात, आणि दुसऱ्या आठवड्यापासून ते सूचना पाहणेच सोडतात. म्हणून एका मिनिटातील सहापैकी किमान चार खिडक्या वर गेल्या तरच सूचना द्यायची, असा नियम वर लावला. लागोपाठच्या खिडक्या एकमेकींवर अवलंबून असल्यामुळे या नियमाचा परिणाम संभाव्यतांचा गुणाकार करून काढता येत नाही. बाजूला ठेवलेला आठवडा संपूर्ण नियमातून चालवून सूचना मोजाव्या लागतात. आमच्याकडे त्या आठवड्यातील सहा कामाच्या दिवसांच्या ३४,५६० खिडक्या होत्या, म्हणजे ९९.९ च्या वर जेमतेम ३५. याहून वरचा पर्सेंटाइल इतक्या नोंदींवरून काढला तर तो दोन-चार खिडक्यांच्या भरवशावर उभा राहतो, म्हणून आम्ही तिथेच थांबलो.

या हंगामात सर्वांत उपयोगी ठरलेली गोष्ट म्हणजे त्रुटी एकत्र कशी करायची याचा निर्णय. आम्ही प्रत्येक पट्ट्याची त्रुटी त्या पट्ट्याच्या नेहमीच्या विचलनाने भागून तिचा वर्ग घेतो, म्हणजे सर्वसाधारण पट्ट्यात तो १ च्या आसपास राहतो. एलिव्हेटरच्या वरच्या पुलीचे एक बेअरिंग जानेवारीत कोरडे पडू लागले तेव्हा वरच्या वारंवारतेच्या दोनच पट्ट्यांत हा आकडा ३६ पर्यंत गेला, बाकीचे तीस पट्टे १ च्या जवळच होते. सरासरी काढली तर ७२ अधिक ३० भागिले ३२, म्हणजे ३.२ च्या आत-बाहेर. बाजूला ठेवलेल्या आठवड्यावरून सरासरीचा थ्रेशोल्ड ३.५ आला होता, म्हणजे सूचना आलीच नसती. सर्वांत मोठ्या पट्ट्याचा वेगळा थ्रेशोल्ड त्याच आठवड्यावरून २५ आला होता, आणि सूचना त्यावर आली. मिस्त्रींनी झाकण उघडले तेव्हा ग्रीस काळे पडून कडक झालेले होते. बेअरिंगचा दोष सुरुवातीला थोड्याच पट्ट्यांत दिसतो, त्यामुळे मी आता दोन्ही मोजमापे वेगवेगळ्या थ्रेशोल्डसह ठेवतो. दोन कसोट्या झाल्या की खोट्या सूचना वाढतात, हेही मोजणीत धरावे लागते.

त्याच महिन्यात नवीन तूर आली आणि मॉडेलची खरी परीक्षा झाली. शिकवण्याच्या नोंदी जुन्या, कोरड्या मालाच्या होत्या. नव्या मालातील ओलावा जास्त, तेल-पाणी देऊन वाळवण्याचे प्रमाण वेगळे आणि रोलरवरचा भारही वेगळा. त्रुटी सर्वत्र वाढली. हा बदल बिघाडापासून वेगळा ओळखता येतो: बेअरिंग बिघडले तर एका सेन्सरवर काही पट्टे चढतात, तर माल बदलला की त्या यंत्राच्या सगळ्या सेन्सरवर त्रुटीचा मध्यक एकदम वर सरकतो आणि लॉट बदलला की खाली येतो. म्हणून आम्ही केवळ शेपटी न पाहता रोजचा मध्यकही लिहून ठेवतो. अशा वेळी थ्रेशोल्ड आपोआप वर सरकत राहील अशी सोय करण्याचा मोह होतो, पण मी ती नाकारली, कारण हळूहळू झिजणाऱ्या बेअरिंगमागेही असा थ्रेशोल्ड निमूटपणे चालत जातो. मिस्त्रींनी तपासून चांगल्या ठरवलेल्या दिवसांच्या नव्या तुरीच्या नोंदी घालून मॉडेल पुन्हा शिकवले आणि थ्रेशोल्ड पुन्हा नव्याने बाजूला ठेवलेल्या आठवड्यावरून काढला.

एक मर्यादा मात्र तशीच राहते. अशा रीतीने काढलेला थ्रेशोल्ड खोट्या सूचनांचे प्रमाण सांगतो. किती बिघाड पकडले जातील हे तो सांगत नाही. त्याचा थोडा तरी अंदाज यावा म्हणून बाजूला ठेवलेल्या आठवड्यातील नोंदींत एकेका पट्ट्याची कंपनपातळी कृत्रिमरीत्या वाढवून पाहिली. वाढ ६ डेसिबल, म्हणजे कंपनाचा आयाम दुप्पट, असेल तेव्हा बहुतेक पट्ट्यांत सूचना आली; ३ डेसिबलवर क्वचितच आली. मधला थर चारऐवजी सोळा आकड्यांचा केला तेव्हा सर्वसाधारण नोंदींवरची त्रुटी खूप खाली आली, पण ६ डेसिबलची वाढही मॉडेलने सहज पुन्हा उभी केली आणि सूचना आली नाही. त्यामुळे प्रत्येक वेळी मॉडेल नव्याने शिकवल्यावर थ्रेशोल्डच्या शेजारी ही डेसिबलची तपासणीही नोंदवहीत लिहिली जाते, आणि ती घसरली असेल तर नवे मॉडेल यंत्रावर लावले जात नाही.