भुंगेऱ्यांचा लाइफ टेबल स्प्रेडशीटमध्ये: काही महिन्यांच्या वापरानंतर

चवळीतल्या भुंगेऱ्याच्या (कॅलोसोब्रुकस मॅक्युलेटस) पिढ्या मोजायला काही महिने साधी स्प्रेडशीटच वापरतोय. तीन रकाने पुरतात: वय x, त्या वयापर्यंत जिवंत राहिलेल्यांचा वाटा lx, आणि दर मादीमागे मादी-अंडी mx. अंडी मोजल्यावर ती निम्मी करायची, कारण नर-मादी साधारण समसमान निघतात. तरी निघालेले प्रौढ एकदा मोजून खात्री करावी.

समजायला सोपा हिशोब घेऊ. 100 अंडी, एका दाण्यावर एकच. एका दाण्यात दोन-तीन अळ्या शिरल्या की त्या एकमेकींच्या जिवावर उठतात आणि lx विनाकारण घसरतो. दर दोन दिवसांनी दाणे बदलून अंडी मोजली:

```
A: x   B: lx   C: mx
27     0.70    20
29     0.65    10
31     0.50     6
33     0.30     2

R0: =SUMPRODUCT(B2:B5,C2:C5)
T:  =SUMPRODUCT(A2:A5,B2:B5,C2:C5)/SUMPRODUCT(B2:B5,C2:C5)
```

निव्वळ प्रजनन दर R0 24.1, पिढीचा कालावधी T 28.2 दिवस. R0 च्या 24.1 पैकी 14 एकट्या पहिल्या ओळीतून येतात. म्हणून माद्या बाहेर पडल्यानंतरचे पहिले दोन दिवस मोजणी चुकवून चालत नाही. शेवटच्या म्हाताऱ्या माद्यांची अंडी हुकली तरी आकडा फारसा हलत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो x कुठून मोजायचा यात. ते अंडं घातल्या दिवसापासून मोजायचं. भुंगेरा दाण्यातून बाहेर आला (इथे 26 वा दिवस) तिथून सुरुवात केली, तर T 2.2 दिवसांवर येतो. ln(R0)/T ने वाढीचा दर काढला की संख्या रोज चौपटीहून जास्त होताना दिसते. एवढं दिसलं की समजावं, x चुकलाय. त्यात lx पण प्रौढांपासून 1 धरला, तर दाण्याच्या आत मेलेले 30 टक्के गायब होतात आणि R0 फुगून 34.4 होतो.

आतली मर नेमकी कोणत्या अवस्थेत झाली हे मात्र हा तक्ता सांगत नाही. अंडं फुटलं की नाही एवढं बाहेरून कळतं: अळी दाण्यात शिरताना कवचात भुसा भरते, ते पांढरं अपारदर्शक दिसतं; न फुटलेलं पारदर्शक राहतं. त्यापुढे थेट प्रौढच दिसतो.

वाढीचा दर r मी आता ln(R0)/T वर सोडत नाही. वरच्या आकड्यांत तो 0.1129 येतो; Σ e^(-rx)·lx·mx = 1 हे समीकरण गोल सीकने सोडवलं तर साधारण 0.1135. फरक इथे किरकोळ आहे, कारण अंडी थोड्याच दिवसांत आटोपतात. महिनोन्‌महिने अंडी घालणाऱ्या ट्रायबोलियमसारख्या भुंगेऱ्यात तो दुर्लक्षिण्याजोगा राहत नाही.

खरी नाराजी एकच: एका गटातून एकच R0 मिळतो, त्याला चूक-मर्यादा नाही. दोन तापमानांची तुलना करायची असेल, तर प्रत्येक मादीची नोंद वेगळी ठेवून बूटस्ट्रॅप करावं लागतं, आणि तिथे ही शीट अपुरी पडते.