डायोड चालू धरायचा की बंद?

सोलापुरात डिप्लोमाच्या मुलांना मी हे सर्किट हमखास देतो: ५ व्होल्टचा सप्लाय, १ किलोओहमचा सिरीज रेझिस्टर, पुढे ग्राउंडकडे डायोड आणि त्याला समांतर १०० ओहम.

बहुतेक जण डायोड चालू धरतात, म्हणजे त्यावर ०.७ व्होल्ट. मग सिरीज रेझिस्टरमधून ४.३ मिलिअँपिअर येतात, पण १०० ओहमला लागतात ७. उरलेले २.७ डायोडने उलटे पुरवायचे? तो सप्लाय थोडाच आहे! गृहीतक चुकलं.

बंद धरला, तर डायोड काढून व्होल्टेज बघायचं: ५ × १००/११००, साधारण ०.४५ व्होल्ट. ०.७ पेक्षा कमी, म्हणून बंदच. मला हीच वाट सोपी वाटते. १०० ऐवजी २२० ओहम लावला की तिथे ०.९ येतात आणि डायोड चालू होतो.