अन्वस्त काढताना: किमतींचा तक्ता की शून्यांचा मध्यबिंदू?

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी अकरावीतल्या पुतणीने विचारले, "काका, y = (x − 1)(x − 6) चा आलेख तक्ता करून काढू की थेट?" आम्ही दोन्ही रीतींनी काढून पाहिला.

तक्त्यासाठी तिने x ला 0 ते 7 या आठ किमती दिल्या. कष्टापेक्षा अचूकतेची अडचण मोठी निघाली: x = 3 आणि x = 4 या दोन्हींसाठी y = −6 आल्यामुळे तिने ते बिंदू सरळ रेषेने जोडले आणि अन्वस्ताचा तळ सपाट झाला.

अंतःखंड रूपात 1 आणि 6 ही शून्ये समोरच दिसतात. त्यांचा मध्य 3.5, म्हणून x = 3.5 हा सममिती अक्ष होय. याचे कारण असे की x = 3.5 + h ठेवल्यास y = (h + 2.5)(h − 2.5) = h² − 6.25 मिळते, आणि h धन असो वा ऋण, किंमत तीच राहते. h = 0 असता शिरोबिंदू (3.5, −6.25) मिळतो, तक्त्यातून नेमका हाच निसटला होता. (0, 6) चे अक्षापलीकडचे प्रतिबिंब (7, 6) घेतले की पाच बिंदू पुरतात. चूक होते ती चिन्हात: (x + 2) चे शून्य −2 असते.

अवयव दिलेले असतील किंवा सहज पडत असतील, तर मध्यबिंदूची रीत घ्यावी. x² + 2x + 5 सारख्या, वास्तव शून्ये नसलेल्या बहुपदीसाठी x = −b/(2a) ने अक्ष काढून त्याच्या दोन्ही बाजूंना छोटा तक्ता करावा.